ट्रिप न होणारी एमसीबी

बहिणीकडच्या इलेक्ट्रिशियनने बिलावर ‘एमसीबी ट्रिपिंग दुरुस्त’ असं लिहिलं होतं. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. दुरुस्त काहीही झालेलं नव्हतं. 16 अँपिअरची एमसीबी काढून त्या जागी 32ची बसवली, एवढंच त्याचं काम. बहीण मात्र खूश. “दादा, आता एकदाही पडत नाही बघ,” असं तिने फोनवर कौतुकाने सांगितलं, आणि मी इकडे कपाळावर हात मारला.

मी आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवत आलो. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारतो, एमसीबी कोणाला वाचवते? कुणी म्हणतं फ्रिजला, कुणी म्हणतं माणसाला. दोन्ही चूक. फ्यूज असो की एमसीबी, ती वाचवते भिंतीतल्या वायरला. वायरच्या ताकदीपेक्षा जास्त करंट वाहू लागला की ती तापते, तिच्यावरचं पीव्हीसी मऊ पडतं, आणि तसंच चालू राहिलं तर आग लागते. त्याच्या आधी करंट तोडायचा, हे तिचं मुख्य काम. म्हणून तिचा आकडा ठरतो तो वायरच्या जाडीवरून. घरात किती उपकरणं घेतली, यावरून नाही.

बहिणीच्या स्वयंपाकघरात अडीच एमएमची वायर होती. पाइपातून गेलेली अशी वायर साधारण 20 अँपिअर झेपवते, म्हणून तिला 16ची एमसीबी अगदी योग्य. पण आधीच्या कुणीतरी बाथरूमच्या गिझरचं कनेक्शनही त्याच लाइनवरून ओढलेलं. सकाळी गिझर आणि इंडक्शन चालू असायचे, दोन्ही 2000 वॅटचे. 230 व्होल्टला प्रत्येकी 8.7 अँपिअर, म्हणजे दोन्ही मिळून साडेसतराच्या आसपास. 16च्या एमसीबीवर साडेसतरा म्हटल्यावर ती पडायला हवी असं वाटेल, पण नाही पडत. मानकाप्रमाणे आकड्याच्या 1.13 पट करंट तिने तासभर तरी सोसायचाच असतो, म्हणजे 18 अँपिअर. मग भाच्याने एअर फ्रायर आणला, 1500 वॅटचा. त्याचे साडेसहा धरले की बेरीज 24वर जाते, एमसीबीच्या आकड्याच्या दीडपट. 1.45 पटीला ती तासाच्या आत पडलीच पाहिजे, आणि दीडपटीला बहुधा त्याच्या बऱ्याच आधी पडते.

म्हणून तर बहिणीचं गाऱ्हाणं असं होतं की, “बटन लावल्या लावल्या काही होत नाही रे, मग मध्येच कधीतरी पडतं.” इलेक्ट्रिशियनने यावरून निदान केलं की एमसीबी ‘वीक’ झालीय. वीक कसली? आत दोन धातूंची एक पट्टी असते. करंट वाढला की ती तापून हळूहळू वाकते आणि शेवटी खटका सोडते. ही दिरंगाई मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर मोटर सुरू होतानाच्या क्षणभराच्या धक्क्यालाही घर अंधारात जाईल. शॉर्टसर्किट झालं तर मात्र तिथे वेळ लावून चालत नाही. त्यासाठी आत वेगळी कॉइल असते. एमसीबीवर आकड्याच्या आधी सी लिहिलेलं असेल, तर करंट आकड्याच्या पाच ते दहा पट झाला की ती चुंबकाने लगेच खटका ओढते. बहिणीची एमसीबी पट्टीवर पडत होती, म्हणजे शॉर्ट नव्हता, लोड जास्त होता. उशिराने पडणं हेच निदान होतं, आणि ते त्याच्या समोर होतं!

आता तिथे 32ची बसवल्यावर काय झालं? ती 36 अँपिअरपर्यंत गप्प बसणार. 24 अँपिअर रोज सकाळी त्याच अडीचच्या वायरमधून वाहायला लागले. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे 20च्या जागी 24 म्हणजे जवळजवळ दीडपट उष्णता. आग लागली नाही. लागतही नाही लगेच, आणि फसवणूक यातच असते. मी दिवाळीला गेलो तेव्हा स्विचबोर्डची पांढरी प्लेट एका कोपऱ्यात पिवळी पडली होती आणि मासळीसारखा उग्र वास येत होता. बहीण म्हणाली, “खालच्या घरातून येतो.” मी मेन बंद केली, टेस्टरने खात्री केली आणि प्लेट उघडली. लाल वायरीचं आवरण तपकिरी झालेलं, बोटाने वाकवलं तसं तडकलं.

आमच्या आईच्या वाड्यात चिनीमातीचे किटकॅट फ्यूज होते. त्यात तारेचा एक तुकडा असायचा, जास्त करंट आला की तो वितळायचा. 15 अँपिअरची तार तिच्या जवळजवळ दुप्पट करंटला वितळते, म्हणजे एमसीबीपेक्षा तो बराच ढिला. शिवाय तो गेला की शेजारचे काका हाताला लागेल ती जाड तार गुंडाळून द्यायचे, आणि बाहेरून कुणाला कळायचंही नाही. जुन्या घरांत न्यूट्रलवरही फ्यूज असायचा. तो उडाला की दिवा बंद, पण होल्डरमध्ये फेज जिवंत. म्हणून वर्गात मी फ्यूजची टिंगल करतो आणि एमसीबीचे गोडवे गातो: आकडा छापलेला, तार बदलायची सोय नाही, खटका वर धरून ठेवला तरी आतून सुटतेच. पण आता वाटतं, टिंगल जरा जास्तच होते. फ्यूजमध्ये अडकणारा खटका नाही, गंजणारी स्प्रिंग नाही. आणि जाड तार गुंडाळणारे काका गेले कुठे? ते आता जास्त आकड्याची एमसीबी विकत आणतात, पक्क्या बिलासकट.

त्या इलेक्ट्रिशियनवर मी चिडलो खरा, पण मग बहिणीनेच सांगितलं की आधी आलेला माणूस गिझरला वेगळी लाइन टाका म्हणत होता, भिंत फोडावी लागेल म्हणून तिने त्यालाच घालवलं. पडायला नको, हीच तिची मागणी होती. दुसऱ्याने ती पुरवली. तरी माझा राग गेला नाही. डॉक्टरने पेशंट मागेल ते औषध द्यायचं नसतं.

शेवटी मी जळकी वायर काढून नवी ओढून दिली, 16ची एमसीबी परत लावली, आणि गिझरसाठी चार एमएमची स्वतंत्र लाइन टाकून घेतली. त्यावर तिने विचारलं, “मग आता शॉकची भीती नाही ना?” आहे. 30 मिलिअँपिअरही जिवावर बेतू शकतात, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीच्या ते गावीही नसतं. त्यासाठी आरसीसीबी लागते. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला नाही, तर तो कुठून तरी गळतोय हे ती ओळखते. ढिला स्क्रू मात्र यातलं कुणीच ओळखत नाही. करंट ठरल्या मापात असतो, तापतो फक्त तो जोड. म्हणून गिझरच्या सॉकेटचे स्क्रू वर्षातून एकदा, मेन बंद करून, माहितगाराकडून आवळून घ्यावेत. बहिणीने हे ऐकलं आणि विचारलं, आरसीसीबी तरी पडणार नाही ना सारखी?