पडलेला काना

चौथीत गुरुजी शनिवारी फळ्यावर मुद्दाम मोडकं लिहीत. एकदा लिहिलं, ‘ल म क’. अर्धा वर्ग ओरडला ‘कमल’, अर्धा ‘कलम’. दोन्ही बरोबर! मग गुरुजींनी अलीकडं ‘आंब्याला’ आणि पलीकडं ‘बांधलं’ लिहिलं. कमलवाले गप्प. “शब्द एकटा बघू नगा रं, शेजारी कोन बसलंय ते बघा. तरी जुळंना तर कुठं काना पडलाय का बघा.”

त्याच पावसाळ्यात गिरणीतल्या धाकट्या काकाचं कार्ड आलं. ‘आई मी आजरी हाय. म्हैना झाला कामावर नाही.’ पोस्टमननं वाचलं, तो आजऱ्यात आहे. आजऱ्याला काकाची सासुरवाडी. आजी भडकलीच. “बायकूच्या गावात येऊन बसलाय, आनि आईला तोंड दावत न्हाई!” दोन दिवस तिनं काकाचं नाव काढू दिलं नाही.

मी कार्ड उलटसुलट केलं. शिक्का मुंबईचा होता. आजऱ्यातला माणूस मुंबईहून कार्ड कसं टाकील? ‘ज’ला काना देऊन बघितला.

“आजे, आजरी न्हाई, आजारी!”

आजी काहीच बोलली नाही. उतरंडीतलं गाडगं काढलं, पैसे मोजले आणि रात्रीच्या गाडीनं आबांना मुंबईला धाडलं.