दहा रुपयांचं पाकीट की एकशेवीसचं?

बऱ्हाणपूरचं नाव काढलं की कुणी जिलबी आठवतं, कुणी दराबा. आमच्या घरी मात्र दोन वर्षांपासून एकच विषय आहे, केळीचे वेफर्स. राजपुऱ्यातल्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत ते तळले जातात. या धंद्यात आम्ही दोघं भागीदार: मी आणि माझ्या चुलत भावाची बायको. मी इंदूरला संगणकासमोर बसणारा इंजिनिअर, त्यामुळे कढईजवळचं सगळं ज्ञान वहिनींचं. पैसे दोघांचे, दीड-दीड लाख. वहिनींचे दीड लाख भिशीतून आले होते, हे इथे सांगायला हवं, कारण पुढच्या वादात त्याचं वजन होतं.

पाकिटावर किंमत काय छापायची, यावरून वाद झाला.

"दहा रुपये," वहिनी म्हणाल्या. "शाळेतलं पोरगंसुद्धा घेईल. निरमा कशी चालली? लोकांना परवडली म्हणून."

"एकशेवीस," मी म्हणालो. "दीडशे ग्रॅम, शेंगदाणा तेलात तळलेले. एकदा स्वस्त म्हणून नाव झालं की किंमत वाढवता येत नाही. नॅनोचं काय झालं? लाखाची गाडी म्हणून गाजली, आणि 'सर्वात स्वस्त' हाच शिक्का तिला नडला. पुढे रतन टाटांनीही ते कबूल केलं."

"भाऊजी, गाडी लोकांना दाखवायला घेतात. वेफर्स दाखवायला घेतात का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही वही काढली.

एक किलो वेफर्सला आमच्याकडे साधारण चार किलो कच्ची केळी लागतात. साल जातं आणि तळताना पाणी उडतं. केळी पंधरा रुपये किलो धरली तर साठ रुपये. पाम तेलाचे पंचावन्न, कारण चकत्या तेल बऱ्यापैकी पितात. गॅस आणि मजुरी पन्नास, मीठ-मसाला आणि तूटफूट पंधरा. एकूण १८० रुपये. दोन कढयांवर दिवसाला चाळीस किलो माल निघतो.

आता दहाचं पाकीट. कर सध्या बाजूला ठेवू. दुकानदाराचे दोन रुपये, वितरकाचा एक, पाकीट आणि पेटीचे सव्वा रुपयाच्या आसपास, गाडीभाड्याचे तीस पैसे. हातात साडेपाच उरतात. त्यात पंचवीस ग्रॅम माल घातला तर त्याचेच साडेचार गेले. राहिला एक रुपया.

"चाळीस किलोची सोळाशे पाकिटं," वहिनींनी हिशोब केला. "रोजचे सोळाशे रुपये. वाईट काय आहे?"

"सोळाशे पाकिटं रोज भरणार कोण? आणि केळी पाच रुपयांनी वाढली तर?"

पाच रुपयांची वाढ म्हणजे किलोमागे वीस, पाकिटामागे पन्नास पैसे. नफा तिथल्या तिथे अर्धा. छापलेले दहा रुपये साडेदहा होत नाहीत. मोठ्या कंपन्या अशा वेळी पाकिटातले ग्रॅम कमी करतात. आमचे पंचवीसचे बावीस झाले तर गिऱ्हाईक लगेच ओळखेल, कारण शेजारी मोठ्या कंपनीचं फुगलेलं पाकीट लटकत असतं.

निरमाचीही गोष्ट मग नीट लक्षात आली. १९६९ मध्ये करसनभाई पटेल घरी पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकत होते. आधी बनवणं आणि पोचवणं स्वस्त झालं, म्हणून किंमत कमी ठेवता आली. आमची कढई, गॅस आणि मजुरी दुसऱ्या कुणापेक्षा स्वस्त नव्हती. आम्ही फक्त नफा कमी करून स्वस्त होणार होतो.

मी जिंकलो असं मला वाटलं. मग वहिनींनी पान उलटलं.

"आता तुमचं एकशेवीसचं सांगा."

शेंगदाणा तेलामुळे खर्च किलोला दोनशे, म्हणजे दीडशे ग्रॅमचे तीस. पाकिटाचे नऊ, दुकानदाराचे तीस, वाहतुकीचे सहा. उरले पंचेचाळीस. छत्तीस पाकिटं विकली की रोजचे सोळाशे सुटतात.

"छत्तीस माणसं रोज कुठून आणाल? दहाचं पाकीट दिसलं की कुणीही घेतं. एकशेवीसचं पाकीट घेताना माणूस दोनदा विचार करतो, आणि एकदा फसला की परत येत नाही."

ते खरं ठरलं. पहिली साठ पाकिटं मी इंदूरच्या एका दुकानात ठेवली. पाच आठवड्यांत चौदा परत आली. उघडली तर वेफर्स सादळलेले आणि खवट. मी तेलाला दोष दिला. वहिनींनी एक न उघडलेलं पाकीट पाण्यात बुडवून दाबलं, आणि शिवणीतून बारीक बुडबुडे आले. भरताना मसाल्याची भुकटी चिकटवायच्या जागी पडली होती, म्हणून तिथे प्लास्टिक नीट जुळलंच नव्हतं. हवा आत गेली. त्यातून शेंगदाणा तेल पाम तेलापेक्षा हवेने लवकर खवट होतं. म्हणजे महाग तेल घेतल्यामुळे पाकीट आणखी काटेकोर भरणं भाग होतं, आणि आम्ही ते स्वस्तातल्या सवयीने भरत होतो.

आता प्रत्येक पाकिटाची शिवण आधी कोरड्या फडक्याने पुसतो, आत नायट्रोजन भरतो आणि शंभरातली पाच पाकिटं पाण्यात बुडवून बघतो. केळीच्या प्रत्येक लॉटमधली एक चकती वहिनी आधी तळतात. ती तपकिरी झाली तर केळ्यात साखर उतरायला लागली आहे असं समजून तो माल महाग पाकिटात जात नाही.

तो जातो कुठे, यातच आमच्या वादाचा शेवट सापडला. एका घाऊक व्यापाऱ्याने बिननावाचा सुटा माल २२० रुपये किलोने मागितला. किलोमागे चाळीस सुटतात. म्हणजे चाळीस किलोचे तेच सोळाशे, पण एकही पाकीट न भरता. शिवाय केळी महागली की पुढच्या पोत्याचा भाव बदलून सांगता येतो.

वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. "म्हणजे स्वस्त विकायला आपल्याला नाव लागतच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"आणि महाग विकायला माझ्याकडे गिऱ्हाईक नव्हतं," मी म्हणालो.

आता एका कढईत पाम तेल असतं आणि तो माल सुटा जातो. घर त्यावर चालतं. दुसरीत शेंगदाणा तेल, आणि फक्त त्याच्यावर आमचं नाव. दुकानातून ती पाकिटं काढून घेतली. मागणी आली की तळतो आणि तारीख मोठ्या अक्षरात छापतो. सध्या दिवसाला बावीस पाकिटं जातात, छत्तीस अजून नाहीत.

वहिनींचं एक म्हणणं मात्र राहिलं आहे. आपल्याच गल्लीतल्या पोरांना आपल्या नावाचे वेफर्स परवडू नयेत, हे त्यांना पटत नाही. संध्याकाळी त्या मोडके वेफर्स कागदाच्या पुडीत बांधून दहा रुपयांना देतात. मी हिशोबात त्यासाठी रकाना ठेवलेला नाही, आणि अजून त्यांनी तो मागितलेलाही नाही.