किलोचा नफा की तासाचा?

दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणाऱ्या बायकांना विचारा, ‘कशात जास्त सुटतं?’ बहुतेक जणी क्षणभरही न थांबता सांगतील, ‘करंजीत!’ माझ्या वहिनीही हेच सांगायच्या. करंजीचा भाव सर्वांत जास्त आणि किलोमागे हातात पडणारी रक्कमही सर्वांत जास्त. म्हणून दर वर्षी त्या आधी करंज्यांच्या साऱ्या ऑर्डरी पुऱ्या करायच्या, मग चकलीला बसायच्या. तोवर वसुबारस उजाडायची आणि शंकरपाळी, चिवडा मागणाऱ्यांना ‘या वेळी जमणार नाही हो’ असे सांगावे लागायचे.

दादाची नोकरी गेल्यापासून वहिनींचा फराळ हा हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. दोन्ही मुलांची दुसऱ्या सत्राची फी त्यातूनच निघते. एकदा रात्री पाठ शेकत असताना त्या म्हणाल्या, “वन्सं, बारा दिवस उभी असते मी. मागणी आहे, माल खपतो, मग फीपुरतेही पैसे का उरत नाहीत?”

त्यांच्या शेजारी एक काका राहतात. एका कारखान्यात कॉस्ट अकाउंटंट म्हणून त्यांची हयात गेली. त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला, तेव्हा ते म्हणाले, “किलोचा हिशेब राहू द्या. तुमच्याकडे कमी काय आहे, ते आधी सांगा.”

पोहे, बेसन, साखर, तूप वाण्याकडे हवे तेवढे मिळते. सिलिंडर दोन असतात. गिऱ्हाइके तर परत पाठवावी लागतात. कमी होते ते एकच, वहिनींच्या हातांचे तास! घरचे सारे उरकून रोज सहा, म्हणजे बारा दिवसांचे 72 तास. सगळ्या ऑर्डरी पुऱ्या करायच्या तर किती तास लागतील, याची बेरीज केली तर ती 108 निघाली. जिथे गरज आणि हाताशी असलेले यांत अशी तफावत पडते, तीच अडवणारी गोष्ट. कारखान्यात तिला ‘लिमिटिंग फॅक्टर’ म्हणतात.

मग मी वही आणि घड्याळ घेऊन दोन दिवस स्वयंपाकघरात ठाण मांडले. एक घाणा पाहून अंदाज चुकतो, म्हणून प्रत्येक पदार्थाचे चार-पाच घाणे मोजले. पीठ मुरते तो वेळ धरला नाही, कारण तेव्हा वहिनी दुसरे काम करत असतात. जिथे त्यांचे हात गुंतले, तोच वेळ लिहिला. किलोमागे करंजीला दीड तास लागला, चकलीला 40 मिनिटे, शंकरपाळीला 25 आणि पातळ पोह्यांच्या चिवड्याला अवघी 15.

पैशांची बाजू काकांनी मांडून दिली. विक्रीच्या भावातून फक्त तो खर्च वजा करायचा, जो तो किलो केला नसता तर झालाच नसता. म्हणजे सामान, गॅस, पिशवी आणि खोका. भांडेवालीचा महिन्याचा पगार आणि घरभाडे मध्ये आणायचे नाही, कारण चकली करा वा चिवडा, ते द्यावेच लागणार. उरते त्याला हिशेबाच्या भाषेत ‘कॉन्ट्रिब्युशन’ म्हणतात. करंजी 640 रुपये किलो, खर्च 280, उरले 360. तसेच चकलीचे 260, शंकरपाळीचे 200 आणि चिवड्याचे 150.

इथपर्यंत वहिनींचेच खरे होते. करंजी पहिली, चिवडा शेवटचा. पण काकांनी आणखी एक भागाकार करायला लावला. उरलेले रुपये भागिले लागलेला वेळ. एका तासात चिवडा चार किलो होतो, म्हणजे 600 रुपये. शंकरपाळीचे तासाला 480, चकलीचे 390. आणि करंजीचे फक्त 240! सारी रांगच उलटी झाली.

“अगंबाई! म्हणजे इतकी वर्षं मी माझे सर्वांत महाग तास सर्वांत स्वस्तात घालवत होते?” वहिनी म्हणाल्या.

त्या वर्षीच्या मागणीवरच दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. मागणी होती चिवडा 60 किलो, शंकरपाळी 48, चकली 42 आणि करंजी 30. जुन्या रीतीने करंजीच 45 तास खाते आणि उरलेल्या 27 तासांत साडेचाळीस किलो चकली होते. मिळतात 21,330 रुपये. नव्या रीतीने आधी सगळा चिवडा, 15 तास. मग सगळी शंकरपाळी, 20 तास. मग सगळी चकली, 28 तास. उरलेल्या 9 तासांत 6 किलो करंजी. मिळतात 31,680 रुपये. तेच तास, तेच हात, तेच भाव, आणि फरक दहा हजारांहून अधिक.

पण वहिनींनी एक अडचण काढली, आणि ती रास्त होती. “चोवीस घरं माझ्याकडून दर वर्षी सगळा फराळ घेतात. त्यांच्या डब्यात करंजी नसली तर ती चिवडाही दुसरीकडूनच घेतील.” काकांनी मान डोलावली. हा भागाकार प्रत्येक पदार्थ स्वतंत्र विकला जातो असे धरून चालतो. जिथे एकाच्या आधारावर दुसरा खपतो, तिथे आधी तेवढा शब्द पाळायचा आणि उरलेल्या तासांना रांग लावायची. चोवीस घरांना पाव पाव किलो म्हणजे नेमकी 6 किलो करंजी. तिचे 9 तास आधीच बाजूला काढले. आणखी एक मर्यादाही त्यांनी बजावली. हातांबरोबर कढई किंवा साखरही अपुरी पडली, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी अडवू लागल्या, तर ही साधी रांग चालत नाही. मग वेगवेगळे मेळ मांडून पाहावे लागतात.

राहिली 24 किलो करंजी. ती सोडायची का? एक वाट भाव वाढवण्याची. चकलीच्या बरोबरीला यायला करंजी 865 रुपये किलो हवी. एवढा भाव गिऱ्हाईक देणार नाही, असे वहिनींना वाटले. दुसरी वाट आणखी हात आणण्याची. नेहमीच्या दरात दिवाळीच्या तोंडावर कोणी येत नाही. पण एका तासाची खरी किंमत आता कळली होती. वहिनींच्या वेगाने करणारी बाई असेल, तर तिला तासाला 240 पेक्षा कमी काहीही दिले तरी तोटा नाही. गल्लीतली एक बाई 120 रुपयांवर रोज चार तास यायला तयार झाली. दुसरा बर्नर रिकामाच असे. तिला किलोला दोन तास लागले, म्हणजे तासाला 180 रुपये सुटले, आणि तिचे 120 देऊनही 60 उरले. बारा दिवसांत ती सारी करंजी झाली आणि 2,880 रुपये वरचे मिळाले.

यंदा वहिनींनी वही पुन्हा उघडली आहे. तुपाचा भाव बदलला की उरणारे रुपये बदलतात आणि हात बसला की मिनिटे. म्हणून दसऱ्यानंतर पहिल्या घाण्यांना त्या नव्याने घड्याळ लावतात. परवा एकीने अनारशांची ऑर्डर आणली. भाव चांगला होता. वहिनींनी विचारले, “किलोला वेळ किती लागतो, ते आधी मोजून पाहू या?”