छत्रीची दांडी आणि सात मॅट्रिक्स

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय ज्यांनी घेतला होता, त्यांना हा पेपरातला प्रश्न नक्की आठवेल. कुठल्याही तिरप्या अक्षाभोवती एखादी वस्तू अमुक अंशांनी फिरवायची, तर मॅट्रिक्स काढा. मार्क भरपूर, आणि उत्तर ठरलेलं. आधी अक्ष ओरिजिनवर आणायचा, मग दोन वेळा फिरवून तो झेड अक्षावर झोपवायचा, मग हवा तेवढा कोन फिरवायचं, आणि मग आधी केलेलं सगळं उलट्या क्रमाने निस्तरायचं. एकूण सात मॅट्रिक्स. अर्ध्या वर्गाने ते पाठ केलं, उरलेल्यांनी ऑप्शनला टाकलं. असो.

कागदावर ही पद्धत बरोबरच आहे. पण तिच्यात एक खड्डा आहे, आणि तो पेपरात कधीच दिसत नाही.

आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगी आली होती. काम होतं घराच्या फर्निचरचं थ्रीडी मॉडेल दाखवायचं. कपाटाचं दार क्लिक केलं की बिजागरीभोवती फिरून उघडलं पाहिजे. तिने पुस्तकातली सात मॅट्रिक्स नीट टाइप केली आणि सगळी दारं झकास उघडायला लागली. मग एक दिवस ती म्हणाली, "अरे, सगळं चालतंय, फक्त दिवाणाचं झाकण क्लिक केलं की गायबच होतं!"

दाराची बिजागरी उभी असते, म्हणजे झेड अक्षाच्या दिशेने. दिवाणाच्या झाकणाची बिजागरी आडवी, आणि त्या मॉडेलमध्ये ती नेमकी एक्स अक्षाच्या दिशेने होती. पुस्तकी पद्धतीत अक्षाची दिशा (a, b, c) असेल, तर पहिल्या पायरीला b आणि c या दोघांना `d = sqrt(b² + c²)` ने भागावं लागतं. अक्ष एक्सच्या दिशेने असला की b आणि c दोन्ही शून्य, म्हणून d शून्य. शून्य भागिले शून्य! प्रोग्रॅम मरत नाही, गुपचूप `NaN` देतो. मग झाकणाच्या प्रत्येक बिंदूचा पत्ता `NaN` होतो आणि स्क्रीनवर काहीच उमटत नाही. `if (d == 0)` असं ठिगळ लावता येतं म्हणा, पण मुळात झेडच्या गावाला जाऊन यायची गरजच काय?

आता एक छत्री डोळ्यांपुढे आणा. खांद्यावर तिरकी टेकवलेली, आणि चाळा म्हणून तुम्ही दांडी बोटांत गरागरा फिरवताय. दांडी म्हणजे आपला अक्ष. छत्रीच्या एका काडीच्या टोकाकडे बघा. दांडीवरच्या एका ठरावीक बिंदूपासून त्या टोकापर्यंत बाण काढला, तर त्या बाणाचे दोन भाग पडतात. एक दांडीच्या दिशेने जाणारा, आणि दुसरा दांडीपासून काटकोनात बाहेर जाणारा. छत्री कितीही फिरवा, पहिला भाग जसाच्या तसा राहतो. फिरतो तो फक्त दुसरा, आणि तोही एका सपाट वर्तुळात. म्हणजे थ्रीडीचा बागुलबुवा संपला, उरलं आपलं शाळेतलं साइन आणि कॉस!

बाणाला v म्हणू आणि दांडीच्या दिशेच्या, लांबी बरोबर 1 असलेल्या व्हेक्टरला n. दांडीच्या दिशेचा भाग डॉट प्रॉडक्टने मिळतो: `n(n·v)`. तो v मधून वजा केला की बाहेरचा भाग उरला. वर्तुळात फिरवायला त्याच लांबीचा आणि 90 अंश पुढचा आणखी एक बाण लागतो. तो क्रॉस प्रॉडक्ट फुकटात देतो: `n × v`. बाहेरच्या भागाला कॉसने गुणा, या नव्या बाणाला साइनने गुणा, आणि न हललेला भाग परत मिळवा. आवरून लिहिलं की एवढंच:

```
v' = v cosθ + (n × v) sinθ + n (n·v)(1 − cosθ)
```

हे ऑलिंद रॉड्रिग्स या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. फिरण्यावरचा त्याचा प्रसिद्ध पेपर 1840 चा, आणि गंमत म्हणजे हा माणूस व्यवसायाने बँकर! सूत्रात भागाकार कुठेच नाही, त्यामुळे एक्स अक्ष असो की आणखी कुठला, खड्डाच नाही. अक्ष ओरिजिनमधून जात नसेल, तर बिजागरीवरचा एक बिंदू आधी वजा करायचा आणि फिरवून झाल्यावर परत मिळवायचा. दिवाणाचं झाकण यानेच उघडलं.

एक उदाहरण हाताने करून बघू. अक्ष (1, 1, 1) च्या दिशेने, कोन 120 अंश. कॉस उणे 0.5, साइन 0.866. अक्षाची लांबी 1 करायची म्हणून तिन्ही आकडे वर्गमूळ 3 ने भागायचे, प्रत्येकी 0.577. आता सूत्रात (1, 0, 0) टाका. पहिली टर्म (−0.5, 0, 0). दुसरी (0, 0.5, −0.5). तिसरी (0.5, 0.5, 0.5). बेरीज (0, 1, 0). म्हणजे एक्स अक्ष वायवर गेला! तसंच वाय झेडवर आणि झेड एक्सवर जातो. ही तीन उत्तरं उभी मांडली की झाली मॅट्रिक्स:

```
0 0 1
1 0 0
0 1 0
```

आता यातली नेहमीची भानगड. समजा, लांबी 1 करायची राहून गेली आणि (1, 1, 1) तसंच सूत्रात गेलं. कोड चालतो, एरर येत नाही. पण कर्णावर 1 आणि बाकी ठिकाणी 2.366 आणि 0.634 असे आकडे येतात. मग अक्षाच्या दिशेचा बाण, जो हलायलाच नको, तो चौपट लांब होतो. बाहेरचा भाग 1.58 पट फुगतो आणि 120 ऐवजी जेमतेम 108 अंश फिरतो. मॅट्रिक्सचा डिटरमिनंट 1 यायला हवा, तो येतो 10. म्हणजे वस्तूचं आकारमान दहापट! जुन्या ओपनजीएलचं `glRotatef` अक्षाची लांबी स्वतःच 1 करून घ्यायचं, त्यामुळे त्यावर हात बसलेल्यांचा स्वतः मॅट्रिक्स लिहिताना हमखास इथे घोळ होतो.

दुसरी भानगड दिशेची. झाकण वर उघडायच्या ऐवजी दिवाणाच्या पोटात शिरलं, तर अक्ष उलटा धरलाय किंवा मॅट्रिक्स आडवी-उभी उलटलीये असं समजा. उजव्या हाताचा अंगठा अक्षाच्या दिशेने धरा, बाकीची बोटं वळतात तीच धन कोनाची दिशा.

म्हणून कुणाचंही, अगदी लायब्ररीतलंही, रोटेशनचं फंक्शन हातात आलं की त्याला आधी (1, 1, 1) आणि 120 द्या. वर दिलेली मॅट्रिक्स आली, तर लांबी आणि दिशा दोन्ही ठीक. नुसते ठिकठिकाणी मोठे आकडे आले तर लांबी राहिली. एक्स वायवर न जाता झेडवर गेला, तर दिशा उलटी. पटत नसेल तर सापशिडीचा फासा घ्या, समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत धरा आणि एक तृतीयांश फेरी फिरवा. फासा होता तसाच बसतो, फक्त प्रत्येक कोपऱ्याभोवतीच्या तीन बाजू एकमेकींच्या जागी सरकतात. सात मॅट्रिक्सपेक्षा हे लक्षात ठेवायला सोपं, नाही का?