दोघांच्या सहीची ठेव

प्रिय,

समोर बसून सांगू लागलो तर मधला एखादा आकडा गिळून टाकीन, अशी मला भीती वाटते. म्हणून लिहितो आहे.

तुझ्या पगाराच्या फरकातून आणि काटकसरीतून उभी राहिलेली मुदतठेव मी मोडली. तुला विचारलं नाही. ते 4,80,000 रुपये एका छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले. त्याआधी माझ्या बोनसचे 99,200 रुपये त्यातच गेले होते. सगळे शेअर विकून हातात 2,04,600 रुपये आले. म्हणजे 3,74,600 रुपये गेले. ते परत येणार नाहीत.

ऑफिसातल्या एका ओळखीच्या माणसाने मला एका ग्रुपवर घेतलं होतं. तिथे रोज सकाळी एका शेअरचं नाव यायचं. मी 62 रुपयांनी 1,600 शेअर घेतले आणि भाव चढू लागला. त्या शेअरला दिवसाला 5 टक्क्यांची मर्यादा होती. बाजार उघडला की भाव थेट वरच्या सर्किटला जायचा, दिवसभर विकणारा कुणी नसायचा, आणि मला ती कंपनीची ताकद वाटायची. मूठभर शेअरच्या उलाढालीवर भाव रोज चढतो तेव्हा त्याला वर नेणारे हात थोडे असतात, हे मला आज कळतं. 96 ला मी ठेवीच्या पैशांनी आणखी 5,000 घेतले. भाव 118 पर्यंत गेला. त्या आठवड्यात तू मला विचारलं होतंस, एवढा खुशीत का आहेस? मी उत्तर टाळलं.

मग खालचं सर्किट लागलं. रोज 5 टक्के हे ऐकायला थोडं वाटतं, पण अशा चौदा दिवसांत भाव निम्म्याच्या खाली येतो. आणि त्या दिवसांत विकता येत नाही. पडद्यावर खरेदीच्या बाजूला शून्य असतं आणि विक्रीच्या बाजूला लाखो शेअर. सगळ्यांचा भाव एकच, त्यामुळे ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याची आधी विकली जाते. मी सकाळी लवकर उठून ऑर्डर टाकायचो आणि रांगेत मागेच राहायचो. तू चहा ठेवत असायचीस. अखेर 31 ला खरेदीदार दिसले, तेव्हा सगळं विकलं.

मला सर्वांत जास्त जे लागलं ते पुढे आहे. कंपन्या दर तिमाहीला भागधारकांचा तक्ता एक्स्चेंजला देतात. तो कुणालाही फुकट वाचता येतो. मी तो विकून झाल्यावर उघडला. दोन तिमाहींत प्रवर्तकांचा वाटा 58 टक्क्यांवरून 41 वर आला होता आणि छोट्या भागधारकांची संख्या चौपट झाली होती. नफा होता तिथेच होता. कंपनी ज्यांची, ते विकत होते. आणि घेणारे माझ्यासारखे, कुणाच्या तरी घरातली ठेव मोडून आलेले. दहा मिनिटांचं वाचन होतं ते. तू शेजारी बसून वाचलं असतंस, तर पहिला प्रश्न तूच विचारला असतास.

म्हणून काही नियम सुचवतो. आपल्या ठेवी ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीच्या आहेत, आणि ती ठेव मला एकट्याला मोडता आली. यापुढे त्या दोघांच्या सहीने चालाव्यात. सहीसाठी जी वाट पाहावी लागेल, तिच्यातच आपलं संरक्षण आहे. शेअरमध्ये जाईल ते फक्त माझ्या पगारातून उरलेलं, आणि एकूण बचतीच्या 5 टक्क्यांपर्यंतच. कुणाच्या तोंडून आलेलं नाव असेल तर आधी हा तक्ता दोघांनी वाचायचा. तुला पटलं नाही तर विषय संपला, कारण देण्याची गरज नाही. डिपॉझिटरीकडून माझ्या ईमेलवर येणारं एकत्रित खातेपत्रक दर वेळी तुझ्यासमोर उघडीन. त्याचा पासवर्ड म्हणजे माझा पॅन नंबर, तो तुझ्याकडे आहेच. आणि या वर्षीचं आयकर विवरण मुदतीत भरायचं. शेअर वर्षाच्या आत विकले, म्हणून हा अल्पकालीन तोटा पुढच्या आठ वर्षांच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. विवरण उशिरा भरलं तर ती सवलतही जाईल.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग या पावसाळ्याआधी होणार नाही. दक्षिणेकडच्या खोलीत पुन्हा ओल येईल. तिथलं तुझं पुस्तकांचं कपाट मी शनिवारी हलवतो. परत आलेल्या रकमेची ठेव तुझ्या एकटीच्या नावाने करायची की दोघांच्या, हे तू ठरव. नियमांत हवे ते बदल कर, खोडलंस तरी चालेल. बाबांना मात्र मीच सांगणार आहे, रविवारी जेवणानंतर. तू माझ्या वतीने त्यांना काही समजावू नकोस.

तुझा