नातवास पत्र : पश्चात्तापाची जागा

भुसावळ

चिरंजीव बाळास,


तुझे पत्र पोहोचले व दोन वेळा वाचले. धुळ्यास मामांच्या अडत दुकानात घडलेला प्रकार तू काही न लपवता लिहिलास, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. हरभऱ्याची 40 पोती काट्यावर चढली आणि नेहमीच्या रीतीने प्रत्येक पोत्यामागे बारदानाचा 1 किलो वजा झाला. परंतु बारदान तागाचे नसून प्लॅस्टिकचे होते. तसे रिकामे पोते काट्यावर 150 ग्रॅम भरते, हे तू नंतर स्वतः पाहिलेस. म्हणजे पोत्यामागे 850 ग्रॅम व एकूण 34 किलो माल हिशेबातून गेला. क्विंटलला 5,000 रुपये भावाने शेतकऱ्याचे 1,700 रुपये कमी झाले. पाच-सहा पोती होताच तुझ्या मनात शंका आली होती, तरी मापाड्याने पुकारलेला आकडा तू लिहीत राहिलास, आणि तो शेतकरी हिशेबपट्टी घेऊन गावी गेला. त्या दिवसापासून तुला अन्न गोड लागत नाही, आणि “आता पश्चात्ताप करून काय उपयोग?” असे तू विचारतोस.

प्रथम एक भेद ध्यानात घे. आपण व्यापारी माणसे दिवसभर हळहळत असतो. कापूस विकला आणि आठ दिवसांनी भाव चढला. केळीचा सौदा सोडला आणि शेजाऱ्याने त्यात कमावले. ही हळहळ पश्चात्तापासारखी दिसते, पण तिच्यात कोणाचे काही बिघडवल्याचे दुःख नसते. हातून गेलेल्या लाभाची ती ओढ आहे. आपल्या शास्त्रात तिला आर्तध्यानात जागा आहे, आणि आर्तध्यानाने कर्मबंध वाढतो. याउलट प्रायश्चित्ताची गणना सहा आभ्यंतर तपांत होते, तीही पहिल्या क्रमांकावर. तपाने निर्जरा होते. म्हणजे मनाच्या एकाच टोचणीतून बंध वाढवणारी वाटही निघते आणि कर्म झडवणारीही.

आपण कोणत्या वाटेवर आहोत हे ओळखण्याची खूण अशी : डोळे मिटल्यावर समोर कोण येते, ते पाहावे. “मी असा कसा वागलो, लोक काय म्हणतील, मामांना कळले तर काय होईल,” असे सारे ‘मी’भोवती फिरत असेल, तर ते आर्तध्यान. 34 किलो हरभरा गमावून घरी गेलेला शेतकरी समोर येत असेल, तर पश्चात्ताप खरा. तुझ्या पत्रात ‘मी’ पुष्कळ वेळा आला आहे. शेतकरी मात्र एकदाच आला आहे. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. टोचणी कोठून कोठे वळवायची, एवढेच दाखवतो.

आता घडलेल्या गोष्टीचे माप घेऊ. श्रावकाच्या तिसऱ्या व्रताचे, म्हणजे अदत्तादान विरमणाचे, जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत खोटे तोलमाप स्पष्टपणे आले आहे. तेव्हा हा केवळ दुकानाच्या रिवाजाचा प्रश्न नाही. पण दोष एकदम पुरा होत नाही. त्याच्या चार पायऱ्या आहेत : अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. त्या समजावण्यासाठी साधूंच्या गोचरीचे उदाहरण देतात. साधूंसाठी मुद्दाम केलेला आहार त्यांना कल्पत नाही. असा आहार घेण्याचे मनाने मान्य करणे हा अतिक्रम. त्यासाठी पाऊल उचलणे हा व्यतिक्रम. तो पात्रात घेणे हा अतिचार. आणि तो खाणे हा अनाचार.

हे उदाहरण काट्यावर लावून पाहा. “राहू दे, थोडेच आहे,” असे मनात आले, तो अतिक्रम. लेखणी पुढे सरकली, तो व्यतिक्रम. आकडा लिहिला जाऊन 1,700 रुपये दुकानात राहिले, तो अतिचार. घास पात्रात आला आहे, पण अजून गिळलेला नाही. ते पैसे पचवून टाकलेस, आणि उद्यापासून प्लॅस्टिकच्या प्रत्येक पोत्यामागे किलो कापणे हा दुकानाचा शिरस्ता झाला, तर तो अनाचार. तू आज नेमका तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये उभा आहेस. पश्चात्तापाचा पहिला उपयोग हाच, की तो तुला येथे थांबवतो. पात्रात आलेले खाली ठेवता येते. प्रायश्चित्ताच्या दहा प्रकारांत ‘विवेक’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात साधू असा आहार लक्षात येताच बाजूला काढतात आणि त्याचा त्याग करतात. तुझ्यासाठी विवेक म्हणजे ते 1,700 रुपये गल्ल्यातून वेगळे काढणे. हे मन निवळण्याची वाट पाहत पुढे ढकलण्याचे काम नव्हे.

“पश्चात्ताप केला तरी मन शांत का होत नाही?” असेही तू विचारले आहेस. याचे उत्तर आपल्या सहा आवश्यकांच्या क्रमात आहे. सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदन, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान हा तो क्रम. आपण सगळ्या विधीलाच ‘प्रतिक्रमण’ म्हणतो, त्यामुळे दोषांकडे पाहणे हा त्यातला चौथा भाग आहे, याचा विसर पडतो. आधी सामायिक, कारण क्षुब्ध मनाला आपला दोष एक तर डोंगराएवढा दिसतो, नाही तर तिळाएवढा. मग चोवीस तीर्थंकरांचे स्तवन, म्हणजे ज्या मापाशी स्वतःला तोलायचे ते माप समोर ठेवणे. मग गुरूंना वंदन, कारण ताठ मानेने दोष सांगता येत नाही. एवढी तयारी झाल्यावर चौथ्या जागी प्रतिक्रमण, म्हणजे जेथून पाऊल घसरले तेथे परत येणे. त्यानंतर कायोत्सर्गात स्थिर होणे, आणि शेवटी प्रत्याख्यान, म्हणजे पुढच्यासाठी नियम.

तू आठ दिवस चौथ्या जागीच बसून आहेस. आधीच्या तीन पायऱ्या चढला नाहीस, म्हणून दोष नीट दिसत नाही. पुढच्या दोन घेतल्या नाहीस, म्हणून तो सुटतही नाही. पश्चात्तापाला त्याच्या जागी बसवले की तो वाट दाखवतो. जागेवरून हलवला तर तो नुसता जाळत राहतो.

आता आलोचना, म्हणजे दोष उघड सांगणे. येथे माणूस स्वतःला फार सहज फसवतो. शास्त्रकारांना हे पुरते ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी आलोचनेचेही दहा दोष मोजून ठेवले आहेत. त्यांतले तीन तुझ्या कामाचे आहेत. पहिला ‘दृष्ट’ : दुसऱ्याने जेवढे पाहिले तेवढेच कबूल करणे. मामांना चूक 40 पोत्यांचीच दिसेल. पण शंका सहाव्या पोत्याला आली होती हे कोणी पाहिलेले नाही. ते तूच सांगायचे आहे. दुसरा ‘छन्न’ : ऐकणाऱ्याला नीट कळू नये अशा रीतीने, पुटपुटत सांगणे. “बारदानात थोडा फरक झाला असावा,” हे वाक्य त्या जातीचे आहे. पोती किती, ग्रॅम किती, रुपये किती, असे आकड्यांत सांग. तिसरा ‘तत्सेवी’ : जो स्वतः तोच दोष करतो त्याच्याकडे जाऊन सांगणे. शेजारच्या गाळ्यातल्या मित्राला तू सांगितलेस आणि तो म्हणाला, “सगळेच करतात.” त्याने तुला हलके वाटले, असे तू लिहितोस. पण ती आलोचना झाली नाही. मामा पेढीचे वडील आहेत, व्रतधारी आहेत. त्यांच्यापुढेच बोलावे.

सबबींविषयी मृगावतीची कथा आठवावी. तू ती पाठशाळेत ऐकली आहेस, पण तिच्यातली एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. कौशांबीत भगवान महावीरांच्या समवसरणात सूर्य-चंद्र स्वतः आले होते. त्यांच्या प्रकाशामुळे संध्याकाळ झाल्याचे साध्वी मृगावतीला कळले नाही, आणि उपाश्रयात परतायला रात्र झाली. गुरुणी चंदनबाला यांनी तिला बोल लावला. मृगावतीजवळ खरे कारण होते आणि ते खोटे पाडणे कोणालाही शक्य नव्हते. तरीही तिने ते पुढे केले नाही. आपल्याकडून प्रमाद झाला, एवढेच तिने मनात धरले, आणि त्या पश्चात्तापातच तिला केवलज्ञान झाले. अंधारात चंदनबालांच्या हाताजवळून जाणारा सर्प तिला दिसला तो त्यामुळे. हे समजल्यावर केवलज्ञानी साध्वीची आशातना झाली, म्हणून चंदनबालांनाही पश्चात्ताप झाला, आणि त्यांनाही तेच ज्ञान लाभले. मापाड्याने आकडा पुकारला, गर्दी होती, रीत जुनी होती, ही तुझी कारणे खरीच असतील. ती बाजूला ठेवता आली, तर दोषाचे मूळ दिसेल.

यानंतरचे काम सरळ आहे. हिशेबपट्टीच्या नकलेवर त्या शेतकऱ्याचे नाव व गाव असेल. मामांना विचारून स्वतः जा, हिशेब समजावून पैसे दे आणि क्षमा माग. तो रागावला, तर ऐकून घे. त्याने क्षमा करावी असा हट्ट धरू नकोस. ती देणे त्याच्या हाती आहे. कदाचित तो सापडणार नाही. तसे झाले, तर रक्कम वहीत त्याच्या नावे वेगळी जमा ठेव. त्या पैशाने मंदिरात बोली लावून आपल्या नावाची पावती घेऊ नये. ज्याचे आहे त्याचेच ते राहू दे.

हे संवत्सरीपर्यंत लांबवू नकोस. देवसी, राई, पक्खी, चौमासी आणि संवत्सरी असे प्रतिक्रमणाचे टप्पे आहेत. त्यांत रोजचे दोन आहेत, ते उगाच नाहीत. रोजमेळ रोज जुळवला तर चूक चटकन सापडते. वर्षाखेरीस बसले तर ती शेकडो नोंदींत दडते. शिवाय संवत्सरीला आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो ते बहुधा नातलगांना आणि स्नेह्यांना. ज्याचे खरोखर बिघडवले, तो शेतकरी त्या यादीत नसतो.

राहिले प्रत्याख्यान. ते मोठे घेऊ नकोस, पाळता येईल असे घे : वजन सुरू करण्याआधी त्याच मालाचे एक रिकामे पोते शेतकऱ्यासमोर काट्यावर ठेवायचे, आणि जेवढे भरेल तेवढेच बारदान वजा करायचे. या कामाला मिनिटभर पुरते. पश्चात्तापाने तुला काय शिकवले, हे कोणी पुढे विचारले, तर त्याचे उत्तर काट्यावरच्या त्या रिकाम्या पोत्यात दिसेल.

घरी सर्व कुशल. मामा-मामींना जय जिनेंद्र सांगावा.

तुझे आजोबा