सूर्यास्ताआधीचा अर्धा तास

जैसलमेरजवळ सम किंवा खुडीच्या वाळूच्या टेकड्यांवर नोव्हेंबरात मुक्काम करायचा, तर दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो आणि पहाटे पंधराच्या खाली उतरू शकतो. म्हणून दिवसासाठी हाफ पँट नि टीशर्ट, रात्रीसाठी एक जाड जॅकेट, असा सोपा हिशेब बरेच जण करतात. तो चुकतो, कारण मधला उतार त्यात धरलेलाच नसतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. शिवाय वाळू ऊन खोलवर मुरू देत नाही, त्यामुळे तिचा वरचा थर झटकन तापतो आणि झटकन निवतो. माझ्या मते बॅग भरावी ती सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या तासाचा विचार करून.

दिवसा अंग झाकणारे सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत. उघड्या अंगाला वारा लागतो, मग झाकायचं कशाला, असं कुणी विचारेल. पण उघड्या कातडीवर ऊन थेट पडतं. १९८० साली ‘नेचर’मध्ये बेदुइनांच्या झग्यांवरचा एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत होता, पण अंगापर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच भरली. जास्तीची उष्णता सैल कापडाखालून खेळणारी हवा घेऊन जात होती. म्हणजे रंगापेक्षा सैलपणा मोलाचा. हाच सुती कपडा संध्याकाळी मात्र उलटतो. समोरून सदरा कोरडा वाटतो, पण सॅकखालची पाठ ओलसर राहिलेली असते आणि वारा सुटला की तीच गारठते. मागे हात लावून पाहावं. दमट लागलं तर वर जॅकेट चढवून भागत नाही. आतला कपडा बदलायचा, त्यावर पातळ लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारं विंडचीटर.

हा बदल वाऱ्यात करायचा असतो. वाळूचे कण उड्या मारत जातात आणि बहुतेक कण जमिनीलगतच राहतात. त्यामुळे जमिनीवर उघडलेली बॅग लगेच वाळूने भरते. संध्याकाळचे कपडे एका पिशवीत बांधून सर्वांत वर ठेवावेत, बॅग खाटेवर घ्यावी आणि वाऱ्याकडे पाठ करून उघडावी. चेन अडकली तर तेल घालू नये, तेलाला वाळू चिकटते. कोरड्या टूथब्रशने दाते झाडावेत. बुटांनाही जाळी नको, तिच्यातून बारीक वाळू आत शिरते.

कॅम्पवर रजया मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला? कारण रजई उपयोगी पडते ती आडवं झाल्यावर. अंधार पडल्यापासून जेवण होईपर्यंतचे दोन-तीन तास उघड्यावरच जातात, आणि त्या वेळी अंगावरचे कपडे कोरडे नसतील तर शेकोटीपुढे बसूनही पाठ गारच राहते.